गरम घड्या

संस्थेच्या अहवालात असं नमूद आहे: 'पहाटे साडेपाचच्या सुमारास, स्वयंपाकीणबाईंच्या निष्काळजीपणामुळे तळणाच्या कढईखालचा गॅस चालू राहून स्वयंपाकघरात किरकोळ धूर झाला. आग लागली नाही. रहिवाशांच्या कपड्यांना आलेला वास नेहमीच्या धुलाईने त्याच दिवशी पूर्णपणे काढण्यात आला.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्याची अब्रू सगळ्यांत आधी जाते. अहवाल सकाळी आठ वाजता टाइप झाला. तेव्हा एकही कपडा पाण्यात पडलेला नव्हता. वास 'काढण्यात आला' हा भूतकाळ म्हणजे वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांची दूरदृष्टी. 'आग लागली नाही' याला विरोध करत होती कपड्यांच्या खोलीतल्या कपाटाची वरची फळी. ती कोळसा होऊन मागच्या कचऱ्याच्या डब्यात उभी होती आणि कुणीतरी घाईने तिच्यावर भाजीची सालं टाकली होती. राहिली कढई. तळण आदल्या दिवशीच्या दुपारचं, संस्थेच्या वर्धापनदिनाचं. कढई तीन वाजता घासून ओट्यावर पालथी घातलेली. दुपारी तीनपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिच्याखाली गॅस चालू राहिला असता, तर अहवाल लिहायला व्यवस्थापकांना कार्यालय शोधावं लागलं असतं.

अहवालातल्या त्या स्वयंपाकीणबाई म्हणजे संस्थेत कपडे धुणाऱ्या धुलाईताईची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरातून निघायच्या, एक पहाटे पाचला, दुसरी सात वाजता. धाकटी कढईची, थोरली कपड्यांची. संध्याकाळी घरी एकमेकींच्या अंगाचा वास हुंगून भांडायच्या. थोरलीच्या मते धाकटीला तळणाचा वास येई, धाकटीच्या मते थोरलीला साबणाचा दर्प.

त्या दिवशी धुलाईताई मागच्या अंगणात पाऊल टाकते तोच जाऊ भिंतीला टेकून उभी. केस ओले, भुवया करपलेल्या.

"जाऊबाई, मी काही केलं नाही," ती म्हणाली.

"कुणी म्हटलं तू केलंस?"

"साहेबांनी. कागद तयार आहे. चार वाजता अग्निशमनचे अधिकारी येणार, विश्वस्तीणबाई येणार, नातेवाईक येणार. त्याच्या आत सही हवी म्हणे. नाहीतर पोलिसांत देतो म्हणाले." तिचा आवाज कोरडा होता. "मी सव्वापाचला आले, कुलूप काढलं, तर धूर स्वयंपाकघरात नव्हताच. तो कपड्यांच्या खोलीतून येत होता. दार उघडलं तर कपाटाच्या वरच्या फळीवर एक गठ्ठा, आतून लाल. बाहेरून नुसता काळा, आणि आतून चुलीसारखा लाल. चार बादल्या पाणी ओतलं."

"वरची फळी," धुलाईताई म्हणाली.

"डावीकडची. फडकी, ॲप्रन आणि टेबलावरच्या चादरी असतात ना, ती."

धुलाईताईने हातातली पिशवी खाली ठेवली. तो गठ्ठा तिने ठेवला होता. आदल्या संध्याकाळी सहाला, ड्रायरमधून काढून, गरम असतानाच घड्या घालून, एकावर एक दाबून. आणि आठ वाजता खोली बंद करताना सवयीने तिने गठ्ठ्यावर हात फिरवला, तेव्हा तो सहा वाजता होता त्याहून जास्त गरम लागला होता. तिला नवल वाटलं होतं. मग ड्रायरची ऊब असेल असं मनाशी म्हणून तिने कुलूप लावलं होतं.

हे तिने जावेला सांगितलं नाही. "तू चहा घे," एवढंच म्हणाली.

वरच्या दोन मजल्यांवर चाळीस वृद्ध राहत. त्यांतले अकरा अंथरुणाला खिळलेले. जिना एकच. हा हिशेब तिला कधी मांडावा लागला नव्हता. आता तो आपोआप मनात मांडला जात होता आणि दर वेळी अकरावर येऊन थांबत होता.

साडेआठला व्यवस्थापक धुलाईच्या शेडमध्ये आले. नीटनेटका माणूस, दाढी तुळतुळीत, रुमालाने नाक झाकलेलं.

"ताई, चारच्या आत सगळं घरभर फुलांचा वास आला पाहिजे," ते म्हणाले. "नातेवाईक आधी नाकाने बघतात, मग डोळ्यांनी."

"साहेब, धुराचा वास घाईने जात नाही."

"जात नाही कसा? तो जाण्यासाठीच तुम्हाला पगार आहे." त्यांनी खोक्यातून सुगंधी फवाऱ्याचे सहा डबे काढून टेबलावर मांडले. "आणि कालच्या तळणाची उरलेली तेलकट फडकी, चादरी, पडदे आधी घ्या. त्यांचा वास सगळ्यांत वाईट. छोटी फेरी लावा, ड्रायर पूर्ण गरम, घड्या घालून वरच्या मजल्यावरच्या कपाटात. खालची खोली रंगवायला माणूस येतोय."

"वरच्या मजल्यावर?"

"मग काय गच्चीवर?"

ते निघून गेल्यावर तिने फवारे उचलून टेबलाखाली ठेवले. सुगंधाने वास जात नाही, त्याच्यावर दुसरा वास चढतो. बारा वर्षांत तिने हे अनेकांना सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. सुगंध सहज उपलब्ध असतो आणि त्याच्या डब्यावर सुंदर चित्र असतं, हे त्यामागचं कारण असावं.

रहिवाशांचे कपडे तिने तिच्या पद्धतीने घेतले. आधी एकेक उघड्यावर नेऊन झटकला, कारण काजळी कोरडी असते तोवर धूळ असते, ओली झाली की शाई होते. चोळायचं मुळीच नाही. जिथे काजळी बसली होती तिथे मऊ ब्रश वरच्या वर फिरवला. मग सुती कपडे कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, धुण्याचा सोडा घालून तासभर भिजत. त्यानंतर साबणाची पूर्ण फेरी, शेवटच्या वेळी विसळताना थोडं व्हिनेगर. ब्लीचची बाटली तिने व्हिनेगरपासून दूर, दुसऱ्या फळीवर ठेवली होती. ती दोन एकत्र आली की विषारी वायू होतो, हे शेडच्या दारावर तिने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. लोकरीचे स्वेटर पाण्यातच घातले नाहीत. सावलीत वाऱ्यावर आडवे पसरले. ज्यांचा वास फारच बोलत होता ते खायच्या सोड्याच्या पुरचुंडीसोबत पिशवीत बंद केले. पण त्यांना दोन दिवस लागणार होते आणि साहेबांकडे साडेसात तास होते.

इस्त्री बंद. वास उरलेल्या कपड्यावर उष्णता दिली की वास धाग्यात मुरतो, मग तो सहजी निघत नाही. वास गेला का हे बघायचीही तिची रीत होती. कोपरा तळहातात धरायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग हुंगायचं. थंड कपडा लबाड असतो, ऊब आणि ओल मिळाली की खरं बोलतो.

पहिल्या मजल्यावरचे मास्तर काठी टेकत आले. निवृत्त रसायनशिक्षक, त्यांचा तपकिरी स्वेटर हाच त्यांचा संसार.

"काय गं, माझ्या स्वेटरला काय सजा झाली?"

"दोन दिवस हवा खायची, मास्तर."

"वा. मला आत डांबायचं आणि स्वेटरला मोकळं सोडायचं." त्यांनी हुंगलं. "हा तळणाचा वास नाही. तळणाचा वास चिकट असतो, हा कोरडा आहे. करपलेलं सुती कापड." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कुठल्या गठ्ठ्याला लागली?"

तिला खोटं बोलता आलं नाही. तिने हलक्या आवाजात सांगितलं, आणि तोंडातून बाहेर पडताच ते तिला जास्तच भयंकर वाटलं.

मास्तरांनी स्वेटरची बाही बोटांत धरली. "कढईतलं तेल कापडात उरलं की ते हवेशी संसार मांडतं," ते म्हणाले, "आणि त्या संसारात उष्णता होते. थोडीशीच. मोकळं कापड ती सोडून देतं. पण आधीच गरम, वर दाबून बसवलेला गठ्ठा असला, तर ती बाहेर जात नाही. आतल्या आत साठत राहते. तासातासाने वाढते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. ड्रायरची शेवटची थंड फेरी असते ना, ती यासाठीच असते."

"ती महिन्यापूर्वी बंद केली," धुलाईताई म्हणाली. "दर खेपेला बारा मिनिटं वाचतात म्हणून."

"कुणी?"

तिने वर, कार्यालयाच्या खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं, आणि दोघांनीही लगेच नजर खाली घेतली, जणू त्या खिडकीला कान होते.

अकराला साहेब पुन्हा आले आणि शेडमध्येच उभे राहिले. तेलकट कपड्यांची छोटी फेरी त्यांच्यासमोर संपली. कोमट पाणी, वीस मिनिटं. धुलाईताईने चादरीचा कोपरा चोळून पाहिला. बोटांना बुळबुळ लागली.

"साहेब, यात तेल आहे अजून. गरम पाण्यात सोडा घालून दोनदा तरी काढायला हवं. नाहीतर नुसतं दोरीवर घालते."

"दोरीवर? पाहुण्यांच्या समोर फडकी लटकवता?"

"तेल राहिलं की ड्रायरमध्ये घालू नये म्हणतात. घातलं तर थंड झाल्याशिवाय घडी तरी नको."

"कोण म्हणतात?" त्यांनी हसून विचारलं. "ताई, तुमची जाऊ आधीच अडचणीत आहे. तुम्हीही त्यात पडू नका. घरात दोन पगार येतात. एक तर उद्यापासून येणार नाही."

ते अगदी प्रेमाने बोलले. तिने ड्रायरचं दार उघडलं. कपडे आत घातले.

पाऊण तासाने कपडे बाहेर आले तेव्हा चटके बसत होते. साहेब घड्याळाकडे बघत होते. तिने घड्या घातल्या. त्यांनी स्वतः गठ्ठा दोन्ही हातांनी दाबून टोपलीत बसवला, फवारा मारला आणि सफाईवाल्याकरवी वर पाठवला. बारा वाजता तो दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीतल्या कपाटात गेला, जिन्याच्या अगदी तोंडाशी. कपाटाच्या पलीकडे त्या अकरांपैकी सहा जणांची खोली होती.

त्यानंतरचे पावणेचार तास धुलाईताईने काय काय धुतलं ते तिला नंतर आठवेना. वर जावं तर साहेब जिन्यात रंगाऱ्याला सूचना देत उभे. न जावं तर मनात सारखा तो आठ वाजताचा हात. आदल्या दिवशी त्या हाताला कळलं होतं, आणि तिने हाताचं ऐकलं नव्हतं. साडेबाराला वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती बादली टाकून अंगणात धावली. काही नव्हतं. एकदा कुणीतरी खोकलं. एकदा धुराचा वास आला, पण तो तिच्याच बाहीचा होता.

पावणेचारला जाऊ कागद घेऊन आली. चार ओळी, खाली सहीची जागा.

"करून टाकते," ती म्हणाली. "पोलीस तरी येणार नाहीत. घरकाम काय, कुठेही मिळेल."

"तुझ्या भुवया करपल्या त्या कढईने?"

"त्यांना काय विचारता, त्या काय साक्ष देणार आहेत? आधीच दोन होत्या, आता त्याही नाहीत." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

धुलाईताईने तिच्या हातातून पेन काढून घेतलं. "सही करू नकोस. तो गठ्ठा मी ठेवला होता."

"तुम्ही?"

"मी. आणि आज आणखी एक ठेवलाय. वर."

ते वाक्य पुरं होताच तिला आणखी एक क्षणही तिथे थांबता येईना. तिने जिना गाठला. रंगारी बाजूला सरकला. साहेब कुठे तरी फाटकाकडे, पाहुण्यांसाठी. दुसऱ्या मजल्यावर फुलांचा वास इतका दाट होता की श्वास घेताना घसा चिकटत होता, आणि त्या फुलांच्या खाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी होतं. तिने कपाटाचं दार धरलं. लाकूड गार होतं. दार उघडलं. गठ्ठा तसाच, पांढरा, नीटनेटका. धूर नाही. क्षणभर तिला आपलाच राग आला.

मग तिने घड्यांच्या मधोमध हात घातला.

मनगटापर्यंत गेला आणि तिने तो झटक्याने मागे ओढला. बाहेरून कोमट असलेला गठ्ठा आतून तव्यासारखा होता. तिला ओरडायचं होतं, पण भिंतीपलीकडून कुणीतरी म्हातारी शांतपणे विचारत होती, "कोण आहे गं? चहा आला का?"

"येतोय, आजी," ती म्हणाली. आवाज सरळ आला याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तिने घड्या उलगडल्या नाहीत. आत हवा गेली तर काय होईल हे तिला सांगता आलं नसतं, पण हातांना ठाऊक होतं. कपाटाखालची रिकामी टोपली पुढे ओढली, गठ्ठा दाबलेलाच तिच्यात लोटला. वळली तर पायरीवर मास्तर काठी टेकून धापा टाकत उभे. मागे जाऊ, हातात शेडमधली ओली चादर.

"ओली चादर टाक वर," मास्तर म्हणाले. "आणि पळत खाली. मी या लोकांना दार बंद करून आत ठेवतो."

धाकटीने चादर टाकली आणि दोघी जावांनी टोपलीच्या दोन कड्या धरल्या. बत्तीस पायऱ्या. विसाव्या पायरीवर टोपलीच्या विणीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि धाकटीच्या चेहऱ्यासमोरून सरळ वर गेली. दोघींपैकी कुणीही टोपली सोडली नाही. अंगणात पोचून त्यांनी ती फरशीवर, भिंतीपासून लांब पालथी केली. घड्या उलगडत पडल्या. सगळ्यांत आतली चादर तपकिरी, तिच्या मधोमध बशीएवढा काळा डाग, आणि त्या डागाच्या कडेने एक लाल ओळ सावकाश सरकत होती. वारा लागताच ती उजळली. धाकटीने बादली उपडी केली. मग दुसरी. पाणी फुसफुसलं आणि करपलेल्या सुताचा, कढलेल्या तेलाचा आणि फुलांचा मिळून असा काही वास सुटला की फाटकातून आत येणारी मंडळी जागच्या जागी थबकली.

पुढे अग्निशमन अधिकारी होत्या, पन्नाशीच्या, थकल्या चेहऱ्याच्या. त्यांच्या मागे विश्वस्तीणबाई. बाजूला साहेब, हातात अहवाल.

अधिकारीबाईंनी अहवालाकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी ओली चादर काठीने उलटली, काळ्या डागाशी नाक नेलं. "कधी ठेवला?"

"बारा वाजता," धुलाईताई म्हणाली. "आणि कालचा संध्याकाळी सहाला. तोही मीच ठेवला होता. आठ वाजता हाताला गरम लागला आणि मी कुलूप लावून गेले. माझ्या जावेचा यात काही हात नाही. तिने विझवली फक्त."

बोलून झाल्यावर तिचे हात आपोआप पोटाशी घट्ट जुळले. आता काय होणार ते तिला दिसत होतं, आणि त्याची भीती कमी झाली नव्हती. फक्त अकरा हा आकडा मनातून गेला होता.

"बघा," साहेब विश्वस्तीणबाईंना म्हणाले. "कबुली आली. मी निष्काळजीपणा म्हटलं होतं, फक्त माणूस बदलला. अहवालात तेवढी दुरुस्ती करतो."

अधिकारीबाई उठून शेडमध्ये गेल्या. ड्रायरच्या बटणांसमोर उभ्या राहिल्या, मग बाहेर आल्या. "थंड होण्याची फेरी बंद आहे. हे धुलाईच्या बाईंनी परस्पर केलं?"

"या लोकांचं काय सांगता येतं," साहेब म्हणाले.

"म्हणजे इथे यंत्राच्या सेटिंग्ज कुणीही बदलतं, आणि तुम्हाला पत्ता नसतो." त्यांनी वही उघडली. "तसं लिहिते. व्यवस्थापकांचं कामावर लक्ष नव्हतं."

विश्वस्तीणबाईंनी साहेबांकडे पाहिलं. "तुमचं लक्ष नसतं? महिन्याला वेळेची बचत म्हणून तुम्हीच तक्ता दाखवता ना?"

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. त्यांना खोटारडं म्हटलेलं चाललं असतं, निर्दय म्हटलेलं तर त्यांच्या कानावरून गेलं असतं. पण आपल्या नकळत या वास्तूत पान हललं, हा आरोप त्यांच्या सहनशक्तीच्या पलीकडचा होता. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीचा अभिमान बाळगला होता आणि ती गोष्ट आता चार बायकांच्या देखत काढून घेतली जात होती.

"लक्ष नव्हतं असं लिहायचं नाही," ते म्हणाले. "लिहून घ्या, मी सांगतो तसं."

अधिकारीबाईंनी शब्दाला शब्द लिहून घेतलं. साहेबांनी ते वाचून पाहिलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावला आणि खाली सही केली:

'थंड होण्याची फेरी मीच बंद करायला लावली, माझ्या आदेशाशिवाय या संस्थेत काहीही होत नाही. कपड्यांत तेल आहे, गरम घडी घालू नये, असं धुलाईच्या बाईंनी मला आज स्पष्ट सांगितलं होतं आणि ते मला नीट समजलं होतं. आग कपाटात लागली होती हेही मी पहाटे पाहिलं होतं. पण वास नातेवाईकांना आला असता, गठ्ठा कपाटाच्या आत होता, तो कुणाला दिसणार नव्हता.'